टी-मूल्य सार्थक आले, पण मुलांना किती गुण वाढले?

महाराष्ट्रातील शिक्षणशास्त्र विभागांमधले एम.एड. आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक व परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

प्रबंधातले चौथे प्रकरण आपण सगळेच वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. प्रायोगिक गटाचे मध्यमान, नियंत्रित गटाचे मध्यमान, प्रमाण विचलन, टी-मूल्य, आणि कोष्टकाखाली ते ठरलेले वाक्य: ‘प्राप्त टी-मूल्य ०.०५ सार्थकता स्तरावरील कोष्टक मूल्यापेक्षा जास्त असल्याने शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे.’ मौखिकीतही गाडी तिथेच थांबते. टी किती आला? सार्थक आहे ना? झाले. पाचव्या प्रकरणात ‘सदर कार्यक्रम परिणामकारक आहे’ असा निष्कर्ष येतो आणि शासनाने तो सर्व शाळांत राबवावा अशी शिफारसही येते.

शून्य परिकल्पना सोडण्यापासून सर्व शाळांत राबवण्यापर्यंतची ही उडी फार मोठी आहे, आणि तिच्या मधला एक साधा प्रश्न बहुतेक प्रबंधांत कुठेच सापडत नाही. फरक पडला म्हणता, तो किती? हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

एक सोपे उदाहरण घेऊ. आकडे मुद्दाम गोल घेतले आहेत. ५० गुणांची गणिताची चाचणी आहे, नियंत्रित गटाचे मध्यमान २५ आणि प्रमाण विचलन १०. प्रायोगिक गटाचे मध्यमान २६. म्हणजे सगळा कार्यक्रम राबवून सरासरी एक गुण वाढला. प्रत्येक गटात ४० मुले असतील तर टी-मूल्य येते ०.४५. संशोधक हिरमुसतो, मार्गदर्शकही. आता तोच कार्यक्रम, तीच चाचणी, तोच एक गुणाचा फरक, पण प्रत्येक गटात ८०० मुले. टी-मूल्य २.०० येते, कोष्टकातल्या १.९६ च्या पुढे, म्हणजे सार्थक. प्रत्येक गटात ८,००० मुले घ्या, टी-मूल्य सहाच्या पुढे जाईल आणि अहवालात ‘अत्यंत सार्थक’ असे लिहिले जाईल. मुलांच्या पदरात मात्र तिन्ही वेळा तोच एक गुण.

टी-मूल्यात दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात: फरक किती मोठा आहे, आणि आपण किती मुले मोजली. सोनाराच्या काट्यावर तांदळाचा दाणा ठेवला तरी काटा हलतो, पण म्हणून तो दाणा जड होत नाही. न्यादर्श वाढवणे म्हणजे काटा नाजूक करणे. पी-मूल्य सांगते ते एवढेच, की खरोखर काहीच फरक नसता तर निव्वळ योगायोगाने असा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती होती. कार्यक्रम राबवण्याजोगा आहे का, याचे उत्तर त्यात नसते.

ते उत्तर शोधायला निदान इफेक्ट साइझ हवा. दोन मध्यमानांतला फरक भागिले प्रमाण विचलन, इतकेच ते गणित. आपल्या उदाहरणात १ भागिले १०, म्हणजे ०.१०. मुले ४० असोत की ८,०००, हा आकडा तोच राहतो. पण ०.१० हा आकडाही तसा मुकाच आहे, म्हणून तो वर्गात नेऊन पाहू. दोन्ही गटांतून एकेक मूल चिठ्ठी टाकून निवडले, तर शंभरातल्या सुमारे ५३ जोड्यांमध्ये कार्यक्रमातले मूल पुढे असेल. काहीच न करता ५० जोड्यांमध्ये असतेच. आता उत्तीर्ण होण्याची रेषा ३५ टक्के, म्हणजे साडेसतरा गुण धरा. गुणांचे वितरण साधारण घंटाकृती असेल तर ४० च्या वर्गात आधी नऊ मुले नापास व्हायची, आता आठ होतील. एक मूल. वर्षभर शिकवणाऱ्या बाईंना हा फरक जाणवणारही नाही, कारण एवढा चढउतार पेपर अंमळ सोपा निघाला किंवा चाचणीच्या आठवड्यात गावात जत्रा होती म्हणूनही होतो.

हेच गणित एक लाख मुलांवर मांडले तर सुमारे २,९०० मुले रेषा ओलांडतात. तेव्हा ०.१० म्हणजे नगण्य असा नवा नियमही करायला नको. एका वर्गातल्या शिक्षिकेला आणि राज्याच्या नियोजन करणाऱ्याला एकच आकडा वेगळा दिसणार, आणि दोघांचेही बरोबर असेल. प्रबंधाने मात्र आपण कोणाशी बोलतो आहोत हे सांगायला हवे.

आता खरे उदाहरण, आणि तेही आपल्या घरचे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास झाला. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांचा हा शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज दोनेक तास वेगळे बसवून अक्षरओळख, वाचन आणि आकडेमोड शिकवायची. गट १५ ते २० मुलांचा, तिचे मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये. वडोदऱ्यात जोडीला संगणकावरचा गणिताचा कार्यक्रमही होता, आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुले. कोणाला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते, त्यामुळे तुलना भक्कम होती.

निकाल असा. बालसखी मिळालेल्या शाळांत सगळ्या मुलांचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. संगणकाच्या कार्यक्रमाने गणितात ०.४७ ने. कार्यक्रम संपून एक वर्ष झाल्यावर पुन्हा मोजले, तेव्हा ज्या मुलांसाठी कार्यक्रम होता त्यांच्यात फरक अजूनही सार्थकच होता. मात्र तो उरला होता सुमारे ०.१०. आपल्या ५० गुणांच्या चाचणीच्या भाषेत सांगायचे तर बालसखीचा फायदा पावणेतीन गुणांवरून आणि संगणकाचा पावणेपाच गुणांवरून घसरून एका गुणाच्या आसपास आला. कार्यक्रम संपतानाही सार्थक आणि वर्षभरानंतरही सार्थक! आपल्या पद्धतीच्या प्रबंधात दोन्ही कोष्टकांखाली तेच ठरलेले वाक्य आले असते, आणि फायद्याचा मोठा भाग विरून गेला ही सगळ्यांत महत्त्वाची बातमी त्या वाक्यात हरवली असती.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसते. ०.२८ ही सरासरी आहे, आणि वाढ झाली ती मुख्यतः तळाच्या मुलांची. मागे पडलेली मुले बाहेर गेल्यावर वर्गातली गर्दी कमी झाली, तरी वर्गातच राहिलेल्या बाकीच्या मुलांच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे कोणाला खूप, कोणाला काहीच नाही, आणि दोघांची मिळून ०.२८. वर्गशिक्षिकेला सरासरीपेक्षा ही वाटणी जास्त कामाची आहे. खर्चही पाहा. बालसखीवर दर मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर लागले, संगणकाच्या कार्यक्रमावर सुमारे पंधरा. नुसते ०.२८ आणि ०.४७ समोर ठेवले तर संगणक जिंकतो, आणि खर्च शेजारी मांडला की पारडे फिरते.

आता पुन्हा आपल्या प्रबंधांकडे येतो. आपल्याकडे न्यादर्श बहुधा मोठा नसतोच, एका शाळेच्या दोन तुकड्या असतात. मग ८,००० मुलांची भीती आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण लहान न्यादर्शात उलटा घोटाळा होतो आणि तो अधिक फसवा आहे. प्रत्येक गटात ४० मुले आणि प्रमाण विचलन १० असेल, तर सार्थक ठरायला निदान साडेचार गुणांचा फरक दिसावा लागतो. समजा कार्यक्रमाचा खरा परिणाम दोन गुणांचा आहे. मग जो प्रबंध सार्थक ठरेल, त्याने तो परिणाम दुपटीहून जास्त फुगवूनच दाखवलेला असणार, कारण त्याहून कमी दिसला असता तर सार्थक ठरलाच नसता. ज्यांच्या हाती दोन किंवा तीन गुण आले त्यांचा निष्कर्ष ‘परिणामकारक नाही’ असा होतो, किंवा विषयच बदलला जातो. ग्रंथालयात उरतात ते योगायोगाने उंच उडालेले आकडे, आणि पुढचा विद्यार्थी संबंधित साहित्याचा आढावा लिहिताना तेच उचलतो.

म्हणून मध्यमानांतल्या फरकाबरोबर त्याचा विश्वास अंतराल मागावा. ४०-४० मुलांत पाच गुणांचा फरक दिसला तर टी २.२४ येतो, सार्थक. पण ९५ टक्के विश्वास अंतराल निघतो साधारण अर्ध्या गुणापासून साडेनऊ गुणांपर्यंत. खरा परिणाम अर्धा गुणही असू शकेल आणि साडेनऊही, असे आपलीच सामग्री सांगते आहे. एवढ्या माहितीवर ‘शासनाने राबवावा’ लिहायला हात धजावू नये.

तुकड्यांचाही प्रश्न आहे. ‘अ’ तुकडी प्रायोगिक आणि ‘ब’ नियंत्रित असे सर्रास घेतले जाते. ‘अ’ला शिकवणारे सर वेगळे, वेळापत्रकात गणिताचा तास सकाळी पहिला, ‘ब’चा जेवणाच्या सुट्टीनंतर. दिसलेला फरक कार्यक्रमाचा, सरांचा की तासाच्या वेळेचा हे कोणतीही टी-चाचणी सांगू शकत नाही. एका वर्गातली मुले एकमेकांसारखी असतात, एकाच फळ्यावरून शिकतात, म्हणून ४० मुले म्हणजे ४० स्वतंत्र नोंदी नव्हेत. मघाच्या उदाहरणात प्रत्येक गटातली ८०० मुले २० वर्गांतून आली असतील आणि गुणांतल्या एकूण चढउताराचा पाचवा हिस्सा वर्गावर्गांतल्या फरकाचा असेल, तर त्या ८०० मुलांचे वजन ९० च्या आसपास स्वतंत्र मुलांइतकेच भरते. तेव्हा २.०० चा टी ०.६७ वर येतो. सार्थकता गेली, आणि ती मुळात नव्हतीच.

आता थोडे टोचणारे. इफेक्ट साइझ लिहा म्हटले की विद्यार्थी १.२, १.८ असे आकडे आणतील आणि पुस्तकात पाहून ‘मोठा परिणाम’ असे लिहितील. ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा ही विभागणी जेकब कोहेन यांची. दुसरे काही हाती नसेल तेव्हाच ती वापरावी, असे त्यांनी स्वतःच बजावले होते. शाळांमधल्या यादृच्छिक प्रयोगांचे जग त्यापेक्षा खूप खाली आहे. मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० साली अशा ७४७ प्रयोगांतले परिणाम एकत्र मांडले, तेव्हा मध्यगा आली ०.१०. प्रमाणित चाचण्यांवर ०.०५ पेक्षा कमी तो लहान, ०.२० किंवा जास्त तो मोठा, असे त्यांनी सुचवले. ज्या जगात ०.२० मोठा आहे तिथे तीन आठवड्यांच्या पाठांनंतर १.८ आला, तर आधी तो आकडा आला कुठून हे विचारावे.

बहुधा तो चाचणीतून आलेला असतो. संशोधकाने ‘अपूर्णांक’ या घटकावर कार्यक्रम तयार केला, पाठ स्वतः घेतले आणि उत्तर चाचणीही स्वतःच काढली. पाठात पोळीचे सहा भाग करून दाखवले, चाचणीत पोळीचे आठ भाग. नियंत्रित गटाला शाळेच्या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकातून शिकवले, त्यांनी ती पोळी कधी पाहिलीच नाही. दोन गटांत मोठा फरक आला, तर तो आपण शिकवले तेच आपण विचारले याचा आहे. ॲलन च्युंग आणि रॉबर्ट स्लेव्हिन यांनी २०१६ मध्ये ६४५ अभ्यास तपासले होते. संशोधकांनी स्वतः केलेल्या चाचण्यांवरचे परिणाम स्वतंत्र चाचण्यांवरच्या परिणामांच्या सुमारे दुप्पट निघाले. प्रबंध तपासताना हे ओळखण्याची सोपी रीत आहे. परिशिष्टातली पाठ टाचणे आणि उत्तर चाचणी शेजारी ठेवा आणि पाठात जशीच्या तशी येऊन गेलेली उदाहरणे चाचणीत किती आहेत ते मोजा. शाळेच्या सत्र परीक्षेतले त्याच घटकाचे गुणही मागा. तिथे दोन गट सारखेच असतील तर मोठा आकडा चाचणीने दिला आहे, कार्यक्रमाने नव्हे.

दुसरी जागा म्हणजे भाजक. दोन गुणांच्या फरकाला १० च्या प्रमाण विचलनाने भागले तर ०.२० येतो. पण संशोधकाने पूर्व चाचणीत कमी गुण पडलेली मुलेच निवडली असतील, तर सगळी सारख्याच पातळीची असल्याने प्रमाण विचलन ५ पर्यंत खाली येते. आता तेच दोन गुण ०.४० होतात. मुलांना एकही गुण जास्त मिळालेला नसतो. म्हणून इफेक्ट साइझ एकटा छापू देऊ नये, शेजारी कच्चे गुण आणि प्रमाण विचलन हवेच.

इयत्ताही पाहावी लागते. अमेरिकेतल्या प्रमाणित चाचण्यांवरून कॅरोलिन हिल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मुले एका वर्षात आपोआप किती पुढे सरकतात ते मांडले. पहिली ते दुसरीत वाचनात जवळजवळ एक पूर्ण प्रमाण विचलन, आणि अकरावी ते बारावीत जेमतेम ०.०६. तेव्हा ०.१० ची वाढ दुसरीत काही आठवड्यांच्या नेहमीच्या शिकण्याइतकी आहे, तर बारावीत वर्षभराच्या वाढीपेक्षाही जास्त. आपल्या मराठी किंवा गणिताच्या चाचण्यांवर हे आकडे जसेच्या तसे चिकटवू नयेत. पण ‘०.१० म्हणजे लहान’ हे इयत्ता न विचारता म्हणता येत नाही, एवढे त्यावरून पक्के होते.

छोटा परिणामही कधी घेण्याजोगा असतो. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. बुद्धी सरावाने वाढते हे समजावणारे, एकूण तासाभराच्या आतले साहित्य मुलांनी संगणकावर वाचले. मागे असलेल्या मुलांच्या श्रेणी सरासरीत ०.१० गुणांकाची भर पडली, साधारण चार गुणांकांच्या मापावर. वर्गात हा फरक डोळ्यांना दिसणार नाही. पण खर्ची पडला एक तास, आणि प्रशिक्षण, साहित्य, शिक्षकाचा वेळ असे फारसे काही नाही. हाच ०.१० जर आठवड्याला पाच तासिका आणि शिक्षकांची दहा दिवसांची कार्यशाळा घेऊन आला असता, तर त्या तासिकांमध्ये दुसरे काय शिकवता आले असते हा प्रश्न आधी आला असता. आपल्याकडे तासिका कुठल्याशा विषयाच्याच कापाव्या लागतात, बहुधा चित्रकला नाहीतर शारीरिक शिक्षण. प्रबंधात हा हिशेब मी क्वचितच पाहतो.

तर विनंती अशी. चौथ्या प्रकरणात टी-मूल्याच्या आधी कच्च्या गुणांतला फरक आणि त्याचा विश्वास अंतराल लिहायला लावा, मग प्रमाण विचलन आणि इफेक्ट साइझ. किती मुलांनी उत्तीर्णतेची किंवा प्रभुत्वाची रेषा ओलांडली, हे टक्क्यांत नव्हे, डोकी मोजून द्यावे. किती तासिका गेल्या आणि कोणत्या विषयाच्या, हे सांगावे. निदान दोन-तीन महिन्यांनी तीच मुले पुन्हा मोजावीत, कारण विरून जाणारा परिणाम उत्तर चाचणीच्या दिवशी कधीच ओळखू येत नाही. मोजणे शक्य नसेल तर पाचव्या प्रकरणातली शासनाला केलेली शिफारस खोडावी. हा अधिकार मार्गदर्शकाच्या हातात आहे, त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहायला नको.

परीक्षकांना एवढेच, की ‘असार्थक’ निकाल आलेला, पण अंतराल प्रामाणिकपणे मांडलेला प्रबंध समोर आला तर त्याला कमी लेखू नका. ‘परिणाम उणे दोन ते अधिक सहा गुणांच्या दरम्यान कुठेही असू शकतो’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने खरे सांगितले आहे. त्याच्यासारखे आठ-दहा प्रबंध एकाच कार्यक्रमावर, एकाच चाचणीने, वेगवेगळ्या तालुक्यांत झाले तर ते एकत्र करून काही नेमके म्हणता येईल. त्यासाठी मार्गदर्शकांनी विषय वाटताना आपसांत बोलावे लागेल आणि दरवर्षी प्रत्येकाला ‘नावीन्यपूर्ण’ कार्यक्रम देण्याचा सोस आवरावा लागेल. येत्या सत्राचे विषय अजून ठरायचे आहेत, म्हणून हे आत्ताच लिहिले.

कळावे,
अध्यापक महाविद्यालयात शैक्षणिक संख्याशास्त्र शिकवणारा आपला एक सहकारी